सल्लागारांना विचारायचंच राहून गेलं

सिन्नरला कांदा सुकवण्याचं युनिट टाकायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे अनुभव म्हणजे बी.कॉम. आणि आडतीवर दोन वर्षं लिहिलेला हिशेब. कर्जासाठी बँकेला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'व्यवस्थापन' या पानावर मी, वडील, आणि वजन यावं म्हणून काकांच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक 'तांत्रिक सल्लागार' म्हणून टाकले. बँकेच्या साहेबांनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. सर म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण मी सल्लागार कधी झालो?" मान वर करवेना.

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला काय येत नाही, ते आधी लिहा. मग ते कोण करणार, ते लिहा."

खरेदी आणि हिशेब मला येत होते, तसं स्पष्ट लिहिलं. ड्रायर चालवणं आणि बाहेरचं गिऱ्हाईक शोधणं येत नव्हतं. ड्रायरसाठी गुजरातमधल्या महुव्याच्या कांदा सुकवणाऱ्या कारखान्यांत वीस वर्षं काढलेले, आता नाशिकरोडला राहणारे एक काका सापडले. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "लाल कांदा सुकवणार? सुकवायला पांढरा मागतात." माझ्या खरेदीच्या आराखड्यात सगळा लालच होता! तो बदलला. त्यांचं एका पानाचं संमतीपत्र घेतलं: महिन्यातले दोन शनिवार युनिटवर, ड्रायरचं तापमान आणि मालातली ओल ते तपासणार, मानधन पाच हजार. प्राध्यापकांचं नाव काढलं. विक्रीसाठी मात्र सल्लागार ठेवला नाही. महिनाभर स्वतः नमुने घेऊन फिरलो आणि दोन मसालेवाल्यांची मागणीपत्रं जोडली.

भरतीत जास्त डोकं गेलं. आधी मी पहिल्या महिन्यापासून चौदा माणसं दाखवली होती. साधारण दहा किलो ओल्या कांद्याचा एक किलो सुका होतो. सुरुवातीला महिन्याला एक टन सुका माल, म्हणजे पंचवीस दिवस रोज चारशे किलो कांदा. तेवढ्याला चौदा माणसं नुसती बसून राहिली असती. म्हणून पहिल्या टप्प्यात एक ड्रायर ऑपरेटर, एक सुपरवायझर आणि सोलायला-कापायला सहा बायका. सलग दोन महिने दीड टनाची मागणी आली, तरच दुसरी पाळी: आणखी एक ऑपरेटर, चार बायका.

साहेबांनी तिथेच बोट ठेवलं. आठाचे तेरा झाले की दहाचा आकडा ओलांडतो आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. रोजंदारीच्या बायकाही त्यात मोजतात. मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के. मी खर्चात फक्त हातात पडणारा पगार धरला होता. दुसऱ्या टप्प्याचा नफा थोडा उतरला, पण पगाराचा तक्ता आणि नफा-तोट्याचं पान एकदाचं जुळलं.

पुढच्या वेळी साहेबांनी महुव्याच्या काकांना फोन लावला. ते पंधरा मिनिटं बोलत होते, आणि त्यातली दहा माझ्या ड्रायरच्या कोटेशनमधल्या चुकांवर.