ऊर्जेच्या मनोऱ्यातले जास्तीचे शून्य

माझी मुलगी नागपुरातील एका शाळेत नववीत शिकते. तिच्या परिसंस्थेवरील वर्कशीटमध्ये ऊर्जेच्या मनोऱ्यावर आठ प्रश्न होते आणि त्यांपैकी सात तिने कूलरसमोर बसून जेवणाआधीच सोडवले. आठव्या प्रश्नाने मात्र आमच्या दोन संध्याकाळी खाल्ल्या.

प्रश्न असा होता: गवतावर 20,00,000 किलोज्यूल सूर्यप्रकाश पडतो; गवत, नाकतोडा, बेडूक, साप या साखळीत सापाला किती ऊर्जा मिळेल? पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘दहा टक्के नियम वापरा’ एवढीच सूचना होती. मुलीने चार वेळा दहाने भागून 200 हे उत्तर काढले. त्यावर लाल फुली मारून शेजारी 20 लिहिलेले होते, पण कारण कुठेच नव्हते. मी आधी तिचे टप्पे मोजायला घेतले. “बाबा, सूर्य ते गवत धरून चारच बाण होतात,” ती वैतागून म्हणाली, आणि ते खरे होते. भागाकारही बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी माझे बारावीचे जुने जीवशास्त्राचे पुस्तक माळ्यावरून काढले, तेव्हा मनोऱ्याच्या चित्रात सूर्य आणि उत्पादक यांच्यामध्ये बारीक अक्षरांत 1% असे लिहिलेले दिसले. दहा टक्के नियम हा एका पोषण पातळीवरून दुसरीकडे जाणाऱ्या ऊर्जेचा आहे, आणि सूर्य ही पोषण पातळी नाही. पानांवर पडणाऱ्या प्रकाशाचा बराच भाग परावर्तित होतो, पानातून आरपार जातो किंवा प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडत नाही, त्यामुळे अशा गणितांत वनस्पतींनी साठवलेली ऊर्जा साधारण एक टक्का धरतात. म्हणून गवतात 20,000, नाकतोड्याकडे 2,000, बेडकाकडे 200 आणि सापाकडे 20 किलोज्यूल. पहिल्या बाणावर दोन शून्ये जातात, पुढच्या प्रत्येक बाणावर एक. एवढे वर्कशीटवर छापायला काय हरकत होती, हे मला अजूनही कळत नाही.

म्हणून प्रश्नातले क्रियापद आधी पाहावे: ऊर्जा गवतावर ‘पडते’ की गवतात ‘साठवलेली’ आहे? साठवलेली असेल, तर पहिला बाण गळतो आणि तीनदाच दहाने भागायचे असते. उलटा प्रश्न आला, म्हणजे सापाची ऊर्जा देऊन गवताची विचारली, तर बाण तेवढेच राहतात आणि भागण्याऐवजी गुणायचे असते.

मुलीने नंतर विचारले की, दहाच टक्के का? वास्तविक तो नेमका आकडा नाही. रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये अमेरिकेतील एका तळ्याच्या अभ्यासात प्राथमिक भक्षकांसाठी सुमारे 13 टक्के आणि द्वितीयक भक्षकांसाठी सुमारे 22 टक्के असे प्रमाण मांडले होते. बाकीची ऊर्जा श्वसनात उष्णतेच्या रूपाने निघून जाते, काही विष्ठेतून जाते आणि काही तर खाल्लीच जात नाही. वर्कशीटमध्ये मात्र 13 लिहू नकोस, असे मी तिला बजावले आहे.