‘पैसे आले नाहीत’

खानापूरच्या बाजारात माझे अर्ज भरून देण्याचे लहानसे दुकान आहे. गेल्या जूनमध्ये नंदगडकडच्या एक आक्का आपल्या तक्रारअर्जाची प्रत आणि ‘तक्रार निकाली काढली’ असा बँकेचा मेसेज घेऊन आल्या. पुतण्याने लिहिलेला तो अर्ज दीड पान भरलेला होता, आणि त्यात पाऊस, बियाणे, एटीएमसमोरची रांग असे सगळे होते. मुद्द्याचे वाक्य मात्र एकच: ‘परवा साडेनऊ हजार काढायला गेले, पण पैसे आले नाहीत.’

गोम त्या वाक्यातच होती. पैसे यंत्रातून आले नाहीत, की खात्यात आले नाहीत? कारकुनाने दुसरा अर्थ घेतला, खात्यावर तेवढी रक्कम कोठून येणेच नव्हते हे पाहिले आणि प्रकरण बंद केले. ‘परवा’ म्हणजे कोणता दिवस, हेही अर्जावर तारीख नसल्याने कळत नव्हते. पुतण्याचे म्हणणे, इंग्रजीत लिहायला हवे होते. मला ते पटले नाही, कारण हाच घोळ इंग्रजीतही तसाच उतरला असता.

आक्कांच्या पिशवीत एटीएमची चिठ्ठी होती. तिची शाई उडत चालली होती, म्हणून आधी झेरॉक्स काढली आणि मग मराठीतच लिहिले:

‘विषय: एटीएममधून रोख मिळाली नाही, परंतु खात्यातून ₹9,500 वजा झाले. दि. 3 जून रोजी सकाळी 11.20 वाजता यंत्राने रोख दिली नाही. चिठ्ठीवर UNABLE TO PROCESS असे छापले आहे. वजा झालेली रक्कम खात्यात परत जमा करावी.’

त्याखाली यंत्राचा क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार अंक चिठ्ठीवर होते तसेच, इंग्रजी आकड्यांत उतरवले, कारण बँकेच्या संगणकात शोध त्याच आकड्यांनी घेतला जातो. यंत्र दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची असते, त्यामुळे अर्ज आक्कांच्याच शाखेत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. तिथले अधिकारी कन्नडभाषक होते. मराठी अडखळत वाचत असले तरी विषय वाचून त्यांनी थेट व्यवहाराचा क्रमांक संगणकात घातला.

20 जूनला रक्कम जमा झाली. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत, म्हणजे 8 जूनपर्यंत, परत यायला हवी होती, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई ग्राहकाने न मागताही द्यायची असते. ती आलीच नव्हती. मग चार ओळींचा दुसरा अर्ज लिहिला, ज्यात 9 ते 20 जून असे बारा दिवस मोजून ₹1,200 मागितले आणि पहिल्या अर्जाच्या पोचेची प्रत जोडली. आठवड्याने भरपाई जमा झाली. बँकेचे उत्तर इंग्रजीत आले होते, ते मी आक्कांना मराठीत वाचून दाखवले.