बारा ग्रॅम रंग

पुण्यातल्या एका कंपनीच्या लॉबीत आम्ही टांगलेलं, हवेवर हलणारं मोबाइल शिल्प 'वाकडं झालंय' असा फोन आला. जाऊन बघतो तर दांड्या एकदम सरळ, पण सगळं ठप्प. शिडी लावून वर गेलो तेव्हा दिसलं की प्रत्येक दांडी तंगुसाने बांधून टाकली होती.

अशा वेळी खालून वर बघत जायचं. प्रत्येक दांडी एकाच कडीवर लोंबते, त्यामुळे बिघाड फक्त त्याच्या वरच्या दांड्यांना कळतो, खालच्यांना नाही. तंगूस कापल्यावर सगळ्यात खालची दांडी आडवी राहिली. दुसरी पत्र्याच्या लाल पानाकडे झुकली आणि तिच्या वरच्या सगळ्याच कलल्या.

ही दुसरी दांडी नव्वद सेंटीमीटरची. एका टोकाला तीनशे ग्रॅमचं पान, दुसऱ्या टोकाला सहाशे ग्रॅमचा खालचा पसारा. नुसत्या हिशेबाने कडी पानापासून साठ सेंटीमीटरवर यायला हवी. पण दांडीच्या तारेला स्वतःचं वजन असतं, म्हणून कडी पानाकडे साधारण सव्वा सेंटीमीटर सरकते. शिवाय तारेला कमान देऊन कडी दोन्ही टोकांपेक्षा थोडी उंच ठेवावी लागते. कडी टोकांच्या रेषेत आली तर दांडी जराशा फरकानेही उभी लोंबते. फार उंच ठेवली तर दांडी मख्ख होते, वाऱ्याला दादच देत नाही. ही उंची मी हातानेच ठरवतो.

पान काट्यावर ठेवलं, तीनशे बारा भरलं. उद्घाटनाआधी कुणीतरी दोन्ही बाजूंनी 'टचअप' केला होता. तारेचं टोक आत वळवलं असतं तर ही दांडी सावरली असती, पण वरच्या प्रत्येक दांडीवर ते बारा ग्रॅम राहिलेच असते. म्हणून काटा पुन्हा तीनशेवर येईपर्यंत पॉलिश पेपरने रंग उतरवला.

सगळं पुन्हा हलायला लागलं तर आर्किटेक्ट नाराज. थ्रीडी चित्रात पानं ज्या जागी होती तिथेच त्यांना ती हवी होती. नाहीतर मोटर लावा म्हणाले, निदान एकसारखं फिरेल. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरी लावून पाहिल्या आणि पुढे बहुतेक कामं हवेवरच सोडली. मोटर तेच तेच वळण घेते. हवेवर लाल पान पिवळ्याच्या मागे जातं, कधी पुढे येतं, दोघांमधली पोकळी लहान-मोठी होते. मी घडवतो ती ही पोकळी. बांधून ठेवलं की उरतो तो रंगवलेला पत्रा, आणि पत्र्याचे पैसे मी घेतलेले नाहीत.

मोटर लावली नाही. आता नव्या करारात रंग द्यायचा तो मीच, तोही वजन करून, अशी अट घालतो. तंगुसाबद्दल अट कशी लिहायची ते मात्र अजून सुचलेलं नाही.