कोर्स संपला की गुहागरला

‘मॅडम, किती दिवस राहिले ते पेशंटच्या तोंडावर कशाला सांगायचं? घरच्यांना सांगा की. पेशंटचा धीर सुटतो.’ असं तुम्ही मला, फुप्फुसांच्या डॉक्टरला, विचारलंत.

तोंडावर मी दिवस मोजून देत नाही, हे आधी सांगते. ते कुणालाच येत नाही. पण आजाराचं नाव, तो कुठल्या दिशेने जातो आणि अचानक बिघडला तर काय होऊ शकतं, एवढं मी पेशंटशीच बोलते. ‘आयपीएफ’ची, म्हणजे फुप्फुसात हळूहळू व्रण वाढत जाणाऱ्या आजाराची, फाइल घेऊन जो समोर बसतो त्याच्याशी. आणि तुम्ही समजता तसं मला हे सोपं जात नाही.

आधी मी तुमच्यासारखीच होते. पंधरा वर्षांपूर्वी कुणी कॉरिडॉरमध्ये माझी बाही धरून ‘बाबांना काही सांगू नका’ म्हणालं, की मला सुटल्यासारखं वाटायचं. मुलाने विनंती केली म्हणजे जबाबदारी त्याची, असं मनाला पटवायचे. तेव्हाच्या मला आज विचारलं तर ती म्हणेल, की इथे कुटुंब एकत्र निर्णय घेतं, परदेशातली पद्धत इथे कशाला? तिचं म्हणणं मला अजून पूर्ण खोडता येत नाही.

पण एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. पोस्टातून निवृत्त झालेले, वय ६९. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की खाली दोन्ही बाजूंना चपलेचा वेल्क्रो उघडावा तसा आवाज. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं. आधी कुणीतरी सहा महिने टीबीची औषधं देऊन झाली होती. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली हवा, २.४ लिटर. बसल्या जागी ऑक्सिजन ९४, सहा मिनिटं चालवल्यावर ८६. निन्टेडॅनिब सुरू केलं, १५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत. मुलगा म्हणाला, ‘बाबांना सांगा फुप्फुसावर डाग आहे, गोळ्या घेतल्या की कमी होईल.’ मी तेच सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं.

गोळ्यांनी त्यांना जुलाब सुरू झाले. बहुतेकांना होतात. लोपेरामाइड दिलं, डोस १०० वर आणला, लिव्हरच्या तपासण्या ठरावीक अंतराने केल्या. ते तक्रार न करता सोसत होते, कारण त्यांना वाटत होतं की हा कोर्स आहे आणि संपला की फुप्फुस मोकळं होणार. त्यांची बहीण गुहागरला. ती बोलवत होती. ‘पोट धड नाही, कोर्स संपला की येतो,’ असं ते तिला चौदा महिने सांगत राहिले.

या औषधांना, निन्टेडॅनिब असो की पिरफेनिडोन, व्रण पुसता येत नाहीत. ती घसरण हळू करतात. निन्टेडॅनिबच्या २०१४ सालच्या मोठ्या चाचण्यांत, औषध न घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षाला २०० ते २४० मिलिलिटर घटली, घेणाऱ्यांची साधारण ११५. म्हणजे निम्मी. हा मोठा फायदा आहे आणि मी औषध आजही आग्रहाने देते. पण घसरण थांबत नाही, आणि घेणाऱ्याला ‘आज कालच्यापेक्षा बरं’ असं कधी वाटत नाही. ज्याला हे सांगितलेलं नाही तो बरं होण्याची वाट बघतो आणि बाकी सगळं पुढे ढकलतो.

चौदाव्या महिन्यात त्यांना साधी सर्दी झाली. चार दिवसांत अंघोळीला उठवेना. आणलं तेव्हा ऑक्सिजन ७८. सीटीत जुन्या जाळीवर दोन्ही बाजूंना नवी धूसर छाया, दुधाळ काच धरावी तशी. इकोत हृदय ठीक, फुप्फुसाच्या नसेत गुठळी नाही, पाणी साचलेलं नाही. याला अक्यूट एक्झॅसर्बेशन, म्हणजे आजार अचानक बिघडणं, म्हणतात. दरवर्षी शंभरातल्या पाच-दहा जणांना येतं, बहुधा न सांगता. अँटिबायोटिक दिली, स्टिरॉइडचे मोठे डोस दिले. स्टिरॉइड आपण देतो, पण त्याचा भक्कम पुरावा नाही. यातून दवाखान्यातच साधारण निम्मे जातात, वाचलेल्यांनाही पुढे बहुधा महिनेच मिळतात.

हाय फ्लो ऑक्सिजनवर असताना त्यांनी नाकातली नळी सरकवून मला विचारलं, ‘मॅडम, डोस चुकला का माझा?’ त्यांना वाटलं, आपणच काही चुकलो. मी ‘नाही हो’ एवढंच म्हणाले. त्या रात्री मुलगा म्हणाला, सगळं करा. व्हेंटिलेटर लावला. ज्या फुप्फुसात व्रणच व्रण, त्यावर मशीन क्वचितच सोडवून आणतं, हे मला माहीत होतं. अकराव्या दिवशी ते गेले. त्या अकरा दिवसांत ट्यूब काढायची की ठेवायची हे मुलगा रोज एकटा ठरवत होता, वडिलांना काय हवं हे त्याला कधी विचारताच आलं नव्हतं. नंतर त्याने त्यांची वही आणून दाखवली. रोजचं ऑक्सिजन रीडिंग, जुलाब किती वेळा, आणि शेवटच्या पानांवर: ‘बरा झालो की गुहागर, ४ दिवस.’

म्हणून मी पद्धत बदलली. पहिल्याच भेटीत सगळं ओतत नाही. आधी विचारते, ‘या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? किती जाणून घ्यायला आवडेल? सोबत कुणाला बसवू?’ कुणी म्हणालं ‘पोराला सांगा, मला नको’, तर तेही ऐकते, फक्त ते त्यांनी म्हटलेलं असावं लागतं, पोराने नव्हे. कुणी वर्षं विचारलीच तर सांगते, की पूर्वी निदानानंतर निम्मे लोक तीन ते पाच वर्षांत जायचे, औषधांनी काहींचा काळ वाढला असावा, आणि तुम्ही त्या शंभरांत कुठे बसता हे पुढच्या सहा महिन्यांची एफव्हीसी थोडं सांगेल. ती दहा टक्क्यांहून जास्त घसरली तर मी पुन्हा खुर्ची ओढून बसते. मग अचानक बिघडण्याविषयी, मशीनविषयी, धापेसाठी कमी डोसच्या मॉर्फिनविषयी बोलते. गुहागरसारखं काही राहिलंय का, हेही विचारते.

पण हे सगळं जमलं असं मी म्हणू शकत नाही. एका बाईंना मी शांतपणे, नीट, त्यांनी विचारल्यावरच सांगितलं होतं. त्यांनी गोळ्या बंद केल्या, चालणं बंद केलं, खोलीतून बाहेर येईनात. सून मला म्हणाली, ‘तुम्ही सांगितलंत आणि त्या त्याच दिवशी गेल्या.’ मला उत्तर देता आलं नाही. मी घाई केली का, एकाच बैठकीत जास्त बोलले का, पुढच्या आठवड्यात स्वतः फोन करायला हवा होता का, हे अजून चाललेलंच असतं डोक्यात.

गेल्या महिन्यात परत एका मुलाने दाराशी थांबवलं: बाबांना काही सांगू नका. मी म्हटलं, आत चला, त्यांनाच विचारू. आत गेल्यावर बाबा म्हणाले, ‘मॅडम, पोराला जरा बाहेर बसवा. त्याला झेपणार नाही.’

त्या दोघांना एका टेबलाशी बसवायला मला तीन भेटी लागल्या.