टाके वरून छान भरले होते

"पहिली नॉर्मल झाली ना गं तुझी? मग दुसऱ्या वेळी मुद्दाम सिझर कशाला करून घेतलंस?"

विचारणाऱ्यांत माझ्या चुलतसासूबाई आहेत, सख्खी आत्या आहे, शाळेच्या दारात भेटणाऱ्या आया आहेत. एकदा तर सोनोग्राफीच्या रांगेत शेजारी बसलेली अनोळखी बाई होती. आजवर मी "बाळ आडवं होतं" असं ठोकून देत आले. बाळ आडवं नव्हतं. डोकं खाली होतं, वजन बेताचं होतं, सगळं जागच्या जागी होतं. सिझर मी मागून घेतलं. पहिल्या बाळंतपणात माझा शी अडवायचा स्नायू फाटला आणि तो फाटलाय हे शिवताना कुणाला कळलंच नाही, म्हणून.

कळा सोसवत नाहीत म्हणून नाही. पहिल्या वेळी रात्रभर सोसल्यात.

मागच्या द्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतलं कडं आपल्या इच्छेविना, झोपेतसुद्धा आवळलेलं असतं. बाहेरचं आपण मुद्दाम आवळतो, चारचौघांत वायू अडवताना आवळतो तेच. पुढच्या बाजूला ही कडी आणि योनीमार्ग यांच्यात फारसं अंतर नसतं. पहिलटकरीण, मोठं बाळ, चिमटा लावावा लागणं, यांनी तिथे फाटायचा धोका वाढतो. माझ्या बाबतीत तिन्ही होतं. लेक जवळजवळ चार किलोची. छेद दिलेला होताच, पण फाटणं त्याच्याही पुढे गेलं.

हे ओळखायचा मार्ग साधा आहे. टाके घालायच्या आधी एक बोट गुदद्वारात घालून, अंगठा बाहेरून ठेवून, मधला भाग चाचपायचा. कडं अखंड आहे की मध्येच पोकळी लागते ते बोटांना कळतं. मिनिटभराचं काम. कडं फाटलेलं निघालं, तर बाईला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं, नीट भूल द्यायची, चांगल्या उजेडात स्नायूची टोकं शोधून ती वेगळी शिवायची आणि मग वरची कातडी. मला तिथेच, त्याच टेबलावर शिवलं. मी थंडीने कुडकुडत होते आणि बाळाकडे बघत होते. "जरा जास्त टाके पडलेत," एवढंच कानावर आलं. नंतर तपासणीला गेले तेव्हा टाके छान भरले होते. खोटं नव्हतं ते, कातडीचे टाके खरंच छान भरले होते. आतली टोकं मात्र, नेफ्यात तुटलेल्या नाडीसारखी, दोन्ही बाजूंना आत सरकून बसली होती.

बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या आठवड्यातच वायू आपोआप सुटायला लागला. कूस बदलली की, उठले की, बाळाला उचललं की. आई म्हणाली, बाळंतवात आहे, बाळंतशोपा वाढव. ओवा, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं चालू होतं. त्यात शी पातळ झाली की संडासापर्यंत पोचता पोचता कपडे खराब. एकट्या मालिशवाल्या मावशींनी हळूच विचारलं, "मागनं सुटतं का गं?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "लई जणींचं सुटतं. कोण बोलत न्हाई." मी तरीही नाहीच म्हणाले.

पुढचे बरेच महिने मी काय केलं ते एका वाक्यात संपतं. बारसं सोडून एकाही कार्यक्रमाला गेले नाही आणि सगळ्यांना वाटलं मला माज आला.

शेवटी पुण्यात कोलोरेक्टल, म्हणजे आतड्याच्या आणि गुदद्वाराच्या सर्जनकडे गेले. बाई होत्या म्हणून गेले. नवरा सोबत होता, त्याला मी 'टाक्यांचा त्रास' इतकंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी मला त्याला बाहेर थांबवायचंय का विचारलं. का कोण जाणे, मी नको म्हटलं. मग त्यांनी एक कागद पुढे ओढला. वेक्सनर स्कोअर म्हणतात त्याला. पाच प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. कधीच नाही म्हणजे शून्य, रोज म्हणजे चार.

"घट्ट शी सुटते?" नाही. शून्य.

"पातळ?" कधीकधी. म्हणजे आठवड्याला एकदा? नाही, त्याहून कमी, महिन्यातून एखाद्या वेळी. दोन.

"वायू?" रोज. दिवसातून किती वेळा ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. चार.

"पॅड वापरता?" बाहेर पडताना वापरत होते, म्हणजे आठवड्यातून दोनतीनदा. तीन.

"यामुळे रोजच्या वागण्यात काही बदललंय?" इथे मी गप्प बसले. त्यांनी घाई केली नाही. मग मी सांगितलं की चहा सोडलाय, सकाळी काही खात नाही, रिक्षात बसायच्या आधी तीनदा संडासला जाते, कुठेही गेले की आधी संडास कुठे आहे ते बघते, आणि रात्री नवऱ्यापासून लांब सरकून झोपते. तो शेजारीच होता. त्याला वाटत होतं मी त्याच्यावर रागावलेय. डॉक्टरांनी चार लिहिले. एकूण तेरा, वीसपैकी.

नवऱ्याने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" हा प्रश्न मला आजही अन्यायाचा वाटतो. काय सांगायचं होतं? लग्नाला दोन वर्षं झालेल्या बाईने नवऱ्याला सांगायचं, की मला पाद अडवता येत नाही? त्याला हे म्हणून दाखवलं, अगदी याच शब्दांत, डॉक्टरांसमोर. त्या खाली बघून लिहीत राहिल्या.

मग डाव्या कुशीवर झोपवून सोनोग्राफीचा बोटाएवढ्या जाडीचा प्रोब आत घातला. दुखलं नाही, लाज मात्र पोटभर वाटली. पडद्यावर आतलं कडं काळं दिसतं, त्याभोवती बाहेरचं करड्या-पांढऱ्या रंगाचं. जागा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात, बारा म्हणजे पुढची बाजू. माझं काळं कडं पूर्ण गोल होतं. पांढरं अकरापासून एकपर्यंत नव्हतंच. डॉक्टरांनी तिथे बोट ठेवलं आणि त्यावरून माझी लक्षणं मलाच समजावली. आतलं कडं शाबूत, म्हणून झोपेत किंवा नकळत कपड्यांना लागत नाही. बाहेरचं तुटलेलं, म्हणून लागलीय हे कळतं पण थोपवता येत नाही. तोवर मला वाटत होतं मी आळशी झालेय, किंवा मनाचे खेळ आहेत. आधीच्या त्या मला मी आजही विचारते, की बाई, पडद्यावर बघितल्याशिवाय स्वतःवर विश्वास ठेवायला काय झालं होतं तुला?

लगेच ऑपरेशन नको म्हणाल्या. टोकं शोधून एकावर एक चढवून शिवता येतात, पण सुरुवातीचा फायदा वर्षं सरतात तसा कमी होत जातो, आणि अजून एक मूल हवं असेल तर ती शिवण तोवर थांबलेली बरी. आधी फिजिओथेरपी.

"केगल करतेच की मी," मी म्हणाले. मोबाइलवर बघून महिनोन्महिने करत होते. पेल्विक फ्लोअरच्या फिजिओने हातमोजा घालून बोटाने तपासलं आणि आवळा म्हणाली. मी जीव तोडून आवळलं. ती म्हणाली, नितंब आवळलेत, मांड्या आवळल्यात, श्वास कोंडलाय, आणि जिथे आवळायचंय तिथे तुम्ही खाली ढकलताय. हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, बोट किंवा यंत्र लावल्याशिवाय कळतच नाही. तिने शिकवलं ते असं: वायू अडवायचाय असं समजून मागचं द्वार आत आणि वर ओढायचं, पोट-नितंब सैल, श्वास चालू. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सोडायचं, आणि हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जायचं. मग काही झटपट आवळणं-सोडणं. दिवसातून तीनदा. आधी झोपून, जमलं की बसून, मग उभ्याने, कारण गरज उभ्यानेच पडते. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, बाळ उचलण्याआधी एकदा आवळून घ्यायचं.

आवळण्याचा जोर पडद्यावर दाखवणाऱ्या बायोफीडबॅकच्या यंत्रावर माझी रेघ झोकात वर चढायची आणि दोन सेकंदांत कोसळायची. जोर होता, दम नव्हता. तो दम यायला महिने लागले. दुसरं म्हणजे फुगा. गुदाशयात छोटा फुगा ठेवून सिरिंजने थोडी थोडी हवा भरायची आणि कळ आली की सांगायचं. मला अगदी थोड्या हवेलाच घाई व्हायची, इतके दिवस लवकर पळायची सवय लागल्याने. तिने पळणं बंद करायला लावलं. कळ आली की थांबायचं, आवळायचं, श्वास घ्यायचा, लाट ओसरली की मग चालत जायचं. पहिल्यांदा हे ऐकून मला तिचा राग आला होता. जोडीला शी बांधलेली राहावी म्हणून इसबगोल, आणि प्रवासाच्या दिवशी डॉक्टरांना विचारून जुलाब थांबवायची गोळी, लोपेरामाइड.

स्कोअर तेरावरून पाचावर आला. पातळ शी क्वचित, एक. जगण्यात फरक, एक. वायू अजून तीन. वायू अडवायला कडं सगळ्यांत घट्ट मिटावं लागतं, आणि माझ्या कड्याला पुढे खिंडार आहे. व्यायामाने उरलेला स्नायू बळकट होतो, तुटलेला जोडला जात नाही.

आणि या अवस्थेत मला दुसरा दिवस गेला.

इथे मी तुमच्याशी प्रामाणिक राहते. पहिल्यांदा असं फाटलेल्यांपैकी दुसऱ्या नॉर्मल बाळंतपणात पुन्हा तितकंच फाटतं ते शंभरात पाच ते सात जणींचं. म्हणजे बहुतेकींचं नाही फाटत. काही त्रास नसता आणि कडं अखंड दिसलं असतं, तर कदाचित मीही नॉर्मलच होऊ दिलं असतं. पण मला त्रास होता, खिंडार पडद्यावर दिसत होतं, आणि अशा बाईला सिझरचा पर्याय द्यावा असं डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. एका डॉक्टरांनी निवड माझ्यावर सोडली. दुसरे म्हणाले, सिझरने तुझं आधीचं काही बरं होणार नाही. तेही खरंच होतं. सिझर नवी इजा टाळतं, जुनी भरत नाही. आत्ता जे आहे ते राखायचं, एवढ्यासाठी मी पोट कापून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस थोरलीला उचलता आलं नाही, ती रडायची आणि मी चिडायचे. त्या दिवसांत मला दहादा वाटलं की चुकलं. नंतर वाटलं नाही. परत कधीतरी वाटतं.

आत्या म्हणते, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. असेलही. पण मालिशवाल्या मावशी म्हणाल्या होत्या त्या 'लई जणी' आत्याच्याच वयाच्या असणार. पाळी जाताना हा त्रास पुन्हा डोकं वर काढतो, कधी तेव्हाच पहिल्यांदा जाणवतो, हे मला फिजिओने सांगितलं, आत्याला कुणी सांगितलेलं नसणार. मी आत्याला अजून विचारलेलं नाही. तिने मला सिझरचं विचारलं, मी तिला हे कसं विचारू?

आता मुलं झाली, म्हणजे ऑपरेशनचा मार्ग मोकळा आहे. पाच स्कोअरला शिवू नये असं सर्जन म्हणतात. व्यायाम सोडला की महिन्याभरात स्कोअर वाढतो आणि मग मला वाटतं, शिवून टाकावं. यावर कुणी विचारलं, तर माझ्याकडे अजून उत्तर नाही.