पुरेसं म्हणजे किती?

आजचा दिवस संपत्तीचं ध्येय कागदावर उतरवण्यात गेला. सुरुवात आकड्याने करायची नाही, आधी जगणं एका वाक्यात लिहायचं: कर्जमुक्त घर, आठवड्याला तीन दिवस काम, वर्षातून एक मोठा प्रवास.

मग त्याचा खर्च काढायचा. समजा महिना 50 हजार, म्हणजे वर्षाला 6 लाख. घरदुरुस्ती, विमा, प्रवास, जुन्या वस्तू बदलणं यांचे वर्षाला 1.2 लाख. गफलत बहुतेक इथेच होते, कारण हे खर्च दरमहा दिसत नाहीत. एकूण 7.2 लाख. कामातून कर वजा जाता 3 लाख येत असतील, तर फरक 4.2 लाख. त्याची 30 पट, म्हणजे 1.26 कोटी, इतकी गुंतवणूक साठवायची.

वर्षाच्या खर्चाच्या 25 पट साठवण्याचा प्रसिद्ध नियम 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी, अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून आला. लवकर थांबणाऱ्याला तो अपुरा पडू शकतो, म्हणून इथे 30 पट. राहतं घर या रकमेत धरू नये, ते खर्च भागवत नाही.

काम पूर्ण थांबलं तर हाच आकडा 2.16 कोटी होतो. म्हणून कामाची वर्षंही त्याच वाक्यात लिहावीत. महागाईमुळे आकडा दरवर्षी पुन्हा मोजायचा, पण वाक्य बदलल्याशिवाय गरजा वाढवायच्या नाहीत.