सी गेला, डी राहिला

गेमिंग कॉम्प्युटरला विंडोज नव्याने टाकायची म्हटलं की घरात सुतकी कळा येते. गेल्या रविवारी पाथर्डी फाट्यावरच्या भाच्याची तीच अवस्था होती. "मामा, सातशे जीबीचे गेम आहेत, परत डाउनलोड करायचे म्हणजे दिवाळी उजाडेल," असं तो अगदी रडवेला होऊन सांगत होता. त्याचे सगळे गेम डी ड्राइव्हवर होते. फॉरमॅट करायचा होता तो सी. मग रडायचं कशाला?

विंडोजचा इन्स्टॉलर मात्र सी-डी अशी अक्षरं दाखवत नाही. तिथे दिसतं Disk 0, Disk 1 आणि आकार. दोन्ही ड्राइव्ह एक टीबीचे असतील तर नेमका कोणता पुसायचा हे ओळखणं नशिबावर. म्हणून कॉम्प्युटर बंद करून कॅबिनेट उघडली आणि डीची साटा केबल सरळ काढून ठेवली. जे जोडलेलंच नाही ते पुसलं कसं जाणार?

खरी मजा नंतरची. डी ड्राइव्ह परत जोडला, सगळे गेम जागेवर, पण गेम उतरवून चालू करून देणाऱ्या एकाही लाँचरला त्याची दाद नाही. ह्यातला स्टीम तेवढा समजूतदार. तो प्रत्येक गेमची नोंद गेमच्या शेजारीच ठेवतो. डीवरच्या steamapps फोल्डरमध्ये `appmanifest_292030.acf` अशी एक छोटी फाइल असते, त्यातला आकडा म्हणजे द विचर ३. स्टीम टाकलं, सेटिंगमध्ये स्टोरेजला जाऊन जुना ड्राइव्ह जोडला की त्या फाइली वाचून सगळे गेम 'इन्स्टॉल्ड' म्हणून हजर होतात.

एपिकचं वेगळं. तो आपली वही सी ड्राइव्हवर, `C:\ProgramData\Epic\EpicGamesLauncher\Data\Manifests` इथे ठेवतो. सी पुसला की वहीही गेली. मग डीवर शंभर जीबीचा गेम समोर पडलेला असला तरी एपिक निर्विकारपणे 'इन्स्टॉल' असंच बटण दाखवतो. भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं ते इथे. इथे थोडी चलाखी लागते. जुन्या फोल्डरचं नाव बदलायचं, समजा पुढे `_old` लावायचं. मग त्याच जागी इन्स्टॉल सुरू करायचं आणि एक-दोन टक्के झाले की थांबवून लाँचर पूर्ण बंद करायचा. खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवरूनही, नुसती खिडकी मिटून भागत नाही. आता `_old` मधलं सगळं कट करून नव्या फोल्डरमध्ये टाकायचं, विंडोज विचारेल तिथे 'रिप्लेस' म्हणायचं. ड्राइव्ह एकच, त्यामुळे हे काही क्षणांत होतं. लाँचर उघडून 'रिझ्यूम' दाबलं की तो आधी फाइली तपासतो आणि उरलंसुरलं तेवढंच आणतो. चाळीस एमबीपीएसच्या लाइनवर शंभर जीबीला साडेपाच तासांच्या पुढे लागले असते. आम्ही मिसळ खाऊन आलो तोवर तपासणी संपलेली. एक अडचण आहे. डीवर मोकळी जागा नसेल तर एपिक इन्स्टॉल सुरूच करत नाही, मग आधी काहीतरी हलवावं लागतं.

पण माझं म्हणाल तर एवढी धडपड ज्या गेमसाठी, तो जाऊ द्या, पुन्हा मिळतो. पुन्हा मिळत नाही ते सेव्ह, आणि ते गेमच्या फोल्डरमध्ये नसतातच. विचरचे डॉक्युमेंट्समध्ये, सायबरपंकचे Saved Games मध्ये, एल्डन रिंगचे लपवलेल्या AppData च्या पोटात. सगळे सीवर! म्हणून फॉरमॅटच्या आधीच डॉक्युमेंट्स, Saved Games आणि AppData पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. सगळं क्लाउडवर असेल या भरवशावर राहू नये, प्रत्येक गेम ती सोय देतोच असं नाही. गेम पहिल्यांदा चालू करण्याआधी हे सेव्ह जागेवर ठेवावेत. नाहीतर गेम रिकामा सेव्ह तयार करतो आणि मग स्टीम विचारतो, क्लाउडचा ठेवू की इथला? त्या चौकटीत दोन्हींची तारीख-वेळ दिलेली असते. ती न वाचता बटण दाबणाऱ्याचे तीन महिन्यांचे कष्ट एका टिचकीत जातात.

ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, डिस्कॉर्ड वगैरे किरकोळ मंडळी पटापट बसली. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, सगळं सुरू झालं, पण गेम अडखळल्यासारखा वाटतोय. कार्ड गेलं का?"

"मॉनिटर किती हर्ट्झचा?"

"एकशे चव्वेचाळीस."

"डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्डला जा आणि आत्ता किती दिसतंय ते सांग."

थोडा वेळ शांतता. मग, "साठ."